कंट्रोल चार्टवरचा ठिपका हलला, म्हणजे मशीन बिघडलं का?

लेथच्या शेजारी एक तक्ता लावलेला असतो. दर अर्ध्या तासाने ऑपरेटर त्यावर एक ठिपका मारतो आणि आधीच्या ठिपक्याला रेघेने जोडतो. रेघ कधी वर जाते, कधी खाली येते. फेरी मारायला आलेल्या सुपरवायझरला शेवटचा ठिपका बराच वर दिसतो आणि तो विचारतो, "हा एवढा वर का गेला?" ऑपरेटरला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. बार नवीन लावला, कूलंट कमी झालं होतं, असं काहीतरी. अर्ध्या तासाने पुढचा ठिपका आपोआप खाली येतो आणि दोघांनाही वाटतं, चला, मिटलं.

बहुतेक वेळा मिटण्यासारखं काही नव्हतंच. आणि खरी गंमत अशी की ज्या दिवशी खरोखर काही बिघडत असतं, त्या दिवशी रेघ इतक्या सावकाश चढते की कुणी विचारतही नाही. हा तक्ता, म्हणजे कंट्रोल चार्ट, वाचायचा कसा, हे एका लेथवरच्या एका शिफ्टचे आकडे घेऊन पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण हिशेब कारखान्यात होतो तसाच आहे.

## फरक दोन जातींचे असतात

एका कागदावर स्वतःची सही दहा वेळा करून बघा. एकही सही दुसरीसारखी हुबेहूब येणार नाही. एखादीचा फराटा लांब, एखादीतलं अक्षर थोडं आडवं. त्यातल्या प्रत्येक फरकाचं कारण शोधायला बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण हाताची ठेवण, पेनाचा दाब, कागदाचा पोत अशा अनेक बारीक गोष्टी मिळून तो फरक घडवतात. आता अंगठ्याला पट्टी बांधून सही करा. ती वेगळी दिसेल, आणि का वेगळी दिसते हे बोट दाखवून सांगता येईल.

लेथवर तेच होतं. मटेरियलचा कठीणपणा बारभर थोडा इकडेतिकडे असतो, स्पिंडलला किंचित थरथर असते, चकमध्ये जॉब दर वेळी केसभर वेगळा बसतो. यातलं एकटं कुठलंच कारण मोठं नसतं, आणि सगळी कायम हजर असतात. यांच्यामुळे पडणाऱ्या फरकाला आपण 'नेहमीचा फरक' म्हणू. उलट इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार झिजणं, टूलची जागा सरकवणारा ऑफसेटचा आकडा चुकीचा घातला जाणं, चकच्या जबड्यात चिप अडकणं ही वेगळी जात. ती आधी नव्हती, आत्ता आली, आणि शोधली तर सापडते. हे 'विशेष कारण'.

वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संशोधकाने १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना हा चार्ट मांडला, तो या दोन जाती वेगळ्या करण्यासाठी. चार्ट कारण सांगत नाही. कारण शोधायला आत्ता उठावं की आपलं काम करत बसावं, एवढंच तो सांगतो.

## मर्यादा कुठून येतात?

आपल्या लेथवर एक पिन बनते. ड्रॉइंगवर व्यास आहे २०.००० मिलिमीटर, अधिक-उणे २५ मायक्रॉन. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो. सोयीसाठी आपण पूर्ण माप न लिहिता २०.००० पासून किती मायक्रॉन इकडेतिकडे तेवढंच लिहू. म्हणजे २०.००५ ला +५ आणि १९.९९७ ला −३.

दर अर्ध्या तासाने लागोपाठ निघालेल्या पाच पिना घ्यायच्या आणि मोजायच्या. या पाचांच्या गटाला सबग्रुप म्हणतात. समजा मापं आली +५, −३, +८, ०, +४. त्यांची सरासरी २.८. सगळ्यांत मोठं माप +८ आणि सगळ्यांत लहान −३, म्हणून त्यांच्यातलं अंतर ११. या अंतराला रेंज म्हणतात. सरासरीचा एक ठिपका वरच्या आलेखावर आणि रेंजचा एक ठिपका खालच्या आलेखावर, असे दोन आलेख सोबत चालतात.

मशीन नीट चालू असताना असे २५ सबग्रुप, म्हणजे १२५ पिना, मोजून घेतल्या. सगळ्या सरासऱ्यांची सरासरी आली +२.० आणि सगळ्या रेंजची सरासरी आली १४. आता मर्यादा काढायच्या. पाचाच्या सबग्रुपसाठी ठरलेला गुणक ०.५७७ आहे. १४ ला त्याने गुणलं की ८.१ येतात. मधली रेषा +२.०, वरची मर्यादा २.० + ८.१ = १०.१, खालची मर्यादा २.० − ८.१ = −६.१. रेंजच्या आलेखासाठी गुणक २.११४ आहे, म्हणून त्याची वरची मर्यादा २९.६ आणि खालची शून्य.

स्प्रेडशीटवर करायचं असेल तर प्रत्येक ओळीत बी ते एफ या रकान्यांत पाच मापं, जी मध्ये सरासरी, एच मध्ये रेंज. यूसीएल म्हणजे वरची मर्यादा, एलसीएल म्हणजे खालची:

```
G2:  =AVERAGE(B2:F2)
H2:  =MAX(B2:F2)-MIN(B2:F2)
UCL: =AVERAGE(G2:G26)+0.577*AVERAGE(H2:H26)
LCL: =AVERAGE(G2:G26)-0.577*AVERAGE(H2:H26)
```

गुणक आकाशातून पडलेला नाही. रेंजची सरासरी २.३२६ ने भागली की एकेका पिनेच्या मापाचा नेहमीचा फैलाव किती, त्याचा अंदाज मिळतो. इथे तो सुमारे ६ मायक्रॉन येतो. याला सिग्मा म्हणतात. पाच पिनांची सरासरी एकट्या पिनेपेक्षा कमी हलते, कारण एक मोठी निघाली तर दुसरी लहान निघून सांभाळून घेते. म्हणून सरासरीचा फैलाव ६ भागिले पाचाचं वर्गमूळ, म्हणजे २.७. त्याची तिप्पट ८.१. गुणकात एवढंच दडलेलं आहे.

इथे एक चूक फार सर्रास होते. सगळी १२५ मापं एका रकान्यात टाकून स्प्रेडशीटच्या तयार फंक्शनने सिग्मा काढतात आणि त्यावरून मर्यादा आखतात. त्या काळात मशीन दोनदा सरकलं असेल, तर ते सरकणंही त्या सिग्मात मिसळतं, मर्यादा रुंद होतात आणि जे पकडायचं तेच मर्यादेच्या आत लपतं. सबग्रुपमधल्या पाच पिना मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने निघालेल्या असतात, म्हणून त्यांच्यातला फरक हा जवळपास निव्वळ नेहमीचाच फरक. मर्यादा त्याच्यावरूनच निघायला हव्यात.

## ड्रॉइंगवर २५ आहे, मग ८ कशाला?

हा आक्षेप पहिल्याच दिवशी येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. गिऱ्हाइकाला २५ मायक्रॉन चालतात, तर १०.१ ला घंटा का वाजवायची?

कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. टॉलरन्स सांगतो, पिन वापरता येईल का. तो डिझाइन करणाऱ्याने ठरवला, मशीनला न विचारता. नियंत्रण मर्यादा सांगते, मशीन कालच्यासारखंच चाललंय का. ती मशीनच्याच मापांतून निघते, गिऱ्हाइकाला न विचारता.

शिवाय एक आकडा एकेका पिनेसाठी आहे आणि दुसरा पाचांच्या सरासरीसाठी. म्हणूनच सरासरीच्या चार्टवर टॉलरन्सच्या रेषा काढू नयेत. काढल्या की डोळ्यांना दिसतं, ठिपका १२ वर आहे आणि लाल रेषा २५ वर, केवढी जागा आहे! पण सरासरी १२ असताना एकेक पीस त्याच्या दोन्ही बाजूंना १८ मायक्रॉनपर्यंत पसरलेला असतो, म्हणजे ३० पर्यंत. सरासरीचा ठिपका ऐटीत आत बसलेला आणि पिना रिजेक्टच्या ट्रेमध्ये, असं खरंच होतं.

उलटंही होतं. सगळे ठिपके मर्यादेच्या आत, रेघ शांत, तरी रोज थोडा माल टॉलरन्सबाहेर. याचा अर्थ मशीन स्थिर आहे पण त्याचा नेहमीचा फरकच टॉलरन्सच्या मानाने मोठा आहे. अशा वेळी ऑपरेटरला धारेवर धरून काही मिळत नाही. त्याच्या हातात नसलेली गोष्ट बदलावी लागते: दुसरं मशीन, दुसरी पकड, किंवा फिनिशिंगचा वेगळा कट.

## आधी खालचा आलेख

चार्ट समोर आला की नजर वरच्या सरासरीच्या आलेखाकडे जाते. सवय लावायची ती आधी खालचा, रेंजचा आलेख बघायची. कारण वरच्या मर्यादा रेंजच्या सरासरीतून आल्या आहेत. रेंजच बेभरवशाची झाली असेल तर वरच्या रेषांना अर्थ उरत नाही.

दुसरा फायदा निदानाचा. रेंज जागेवर आहे आणि सरासरी सरकली, तर सगळ्या पिना मिळून एकाच दिशेला गेल्या आहेत. ऑफसेट, झिजलेली धार, तापलेलं मशीन अशा ठिकाणी बघायचं. रेंजच वाढली, तर पाचातल्या पाच पिना एकमेकींपासून फाकल्या आहेत. तेव्हा पकड ढिली आहे का, स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये खेळ आलाय का, इन्सर्ट आपल्या जागेत हलतोय का, दोन वेगळे लॉट मिसळलेत का, हे बघायचं.

## एका शिफ्टचे आकडे

आता आपल्या लेथवरची एक सकाळ. मर्यादा वर काढल्या त्याच: −६.१ ते १०.१, मधली रेषा २.०, रेंजची मर्यादा २९.६.

| वेळ | सरासरी | रेंज |
|---|---|---|
| ८:०० | +३.२ | १२ |
| ८:३० | −१.० | १७ |
| ९:०० | +६.४ | ९ |
| ९:३० | +०.६ | २१ |
| १०:०० | −३.२ | १४ |
| १०:३० | +०.८ | ११ |
| ११:०० | +२.६ | १६ |
| ११:३० | +४.० | १३ |
| १२:०० | +३.४ | ८ |
| १२:३० | +५.८ | १८ |
| १:०० | +५.२ | १२ |
| १:३० | +७.० | १५ |
| २:०० | +६.६ | १० |
| २:३० | +८.४ | १४ |

सकाळचा भाग बघा. साडेआठला −१.०, नऊला +६.४. अर्ध्या तासात ७.४ मायक्रॉनची उडी. सुपरवायझरचा प्रश्न नेमका इथे येतो. पण दोन्ही ठिपके मर्यादेच्या आत आहेत, रेंज शांत आहे, आणि आधी काही चढण नाही. या मशीनची सरासरी इतकी हलतेच. इथे कारण शोधायला गेलात तर कारण मिळेल, कारण माणूस शोधायला लागला की त्याला मिळतंच. फक्त ते खरं नसेल.

## दर वेळी थोडं जुळवून घेतलं तर काय बिघडतं?

मेहनती ऑपरेटर म्हणेल, उडी खरी असो वा नसो, ६.४ वर गेलंय तर मी ऑफसेट ६.४ ने कमी करतो. नुकसान काय?

हिशेबच करू. नऊला +६.४ दिसल्यावर त्याने ऑफसेट ६.४ ने उतरवला. साडेनऊला मशीन आपल्या मर्जीने +०.६ देणार होतं, ते आता −५.८ दिसतं. म्हणजे खालच्या मर्यादेच्या अगदी काठावर. तो घाबरून ५.८ ने चढवतो. दहाला −३.२ येणार होतं, आधीच्या दोन बदलांमुळे ते −३.८ येतं. तो ३.८ ने चढवतो. साडेदहाला +०.८ येणार होतं, ते +४.० येतं.

हात न लावता हे तीन ठिपके +०.६, −३.२, +०.८ असे होते, चार मायक्रॉनच्या पट्ट्यात. हात लावल्यावर −५.८, −३.८, +४.०, जवळपास दहा मायक्रॉनच्या पट्ट्यात. हा योगायोग नाही. प्रत्येक ठिपक्यात आता दोन ठिपक्यांचा फरक मिसळतो, आत्ताचा आणि मागचा. असं सतत केलं तर सरासरीचा फैलाव ठरावीक पटीनेच वाढतो, १.४१ पट. मशीन तेच, इन्सर्ट तोच, माणूस जास्त कष्ट करतोय, आणि माल जास्त हलतोय.

मग ऑफसेट कधी द्यायचाच नाही का? द्यायचा, पण चार्टने खूण केल्यावर. ती खूण याच तक्त्यात पुढे आहे.

## एकही ठिपका बाहेर नाही, तरी काहीतरी घडतंय

तक्त्याचा दुसरा भाग पुन्हा वाचा. अकरापासून अडीचपर्यंत एकही ठिपका १०.१ च्या वर नाही. 'बाहेर गेला तरच बघायचं' एवढाच नियम पाळणारा माणूस या शिफ्टला 'सब ठीक' असं लिहून घरी जाईल.

पण मधल्या रेषेवर पट्टी ठेवा. अकराचा +२.६ रेषेच्या वर, साडेअकराचा वर, बाराचा वर, आणि तसं अडीचपर्यंत. सलग आठ ठिपके एकाच बाजूला. मशीन स्थिर असेल तर ठिपका रेषेच्या वर पडणं आणि खाली पडणं हे नाण्याच्या छाप्या-काट्यासारखं असतं. सलग आठदा छापा पडायची शक्यता २५६ मध्ये एक. अशी गोष्ट निव्वळ योगायोगाने घडली असं मानण्यापेक्षा सरासरी सरकली आहे असं मानणं शहाणपणाचं. म्हणून वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या नियमांत सलग आठ ठिपके एका बाजूला ही खूण धरली जाते. काही ठिकाणी सात किंवा नऊ धरतात. आकडा कुठलाही घ्या, पण आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. चार्ट बघून मग नियम निवडायचा नाही.

याच संचात आणखी एक नियम आहे. मधल्या रेषेपासून मर्यादेपर्यंतच्या जागेचे तीन समान पट्टे करायचे. आपल्याकडे एक पट्टा २.७ चा, म्हणजे पहिली रेघ ४.७ वर. लागोपाठच्या पाचांपैकी चार ठिपके या रेघेच्या पलीकडे एकाच बाजूला गेले तर खूण समजायची. साडेबारा, एक, दीड आणि दोन, चारही ४.७ च्या वर आहेत. म्हणजे हा नियम दोन वाजताच बोलला असता, आठाच्या नियमापेक्षा अर्धा तास आधी.

एक गोष्ट मात्र नजरेला चकवते. 'सतत चढणारी रेघ' शोधणाऱ्याला इथे काहीच सापडणार नाही, कारण ती सतत चढत नाही. बाराला उतरली, एकला उतरली, दोनला उतरली. सावकाश होणारी झीज नेहमीच्या फरकाच्या थरथरीवर स्वार होऊन येते, त्यामुळे ती जिना चढल्यासारखी कधीच दिसत नाही. ठिपका मागच्या ठिपक्यापेक्षा वर आहे की खाली, हे बघणं सोडून तो मधल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे बघायचं, ते यासाठी.

## खूण मिळाली. आता उठायचं

पहिलं काम मशीनकडे जाण्याचं नाही, मापाकडे जाण्याचं आहे. मायक्रोमीटरचा शून्य बघा, माप पक्कं माहीत असलेला मास्टर पीस मोजा, आणि त्याच पाच पिना पुन्हा मोजा. पिना गरम होत्या का? पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतो. म्हणजे २० मिलिमीटरची पिन १५ अंशांनी गरम असेल तर साडेतीन मायक्रॉन मोठी दिसते. आपल्या सरासरीचा फैलाव २.७ आहे, म्हणजे नुसती गरम पिन मोजण्याने ठिपका एका पट्ट्याहून जास्त वर ढकलला जातो. सकाळी पिना थंड करून मोजल्या आणि जेवणाच्या आधी घाईत गरम मोजल्या, तर चार्टवर झीज दिसेल आणि इन्सर्ट मात्र निर्दोष असेल.

माप ठीक निघालं असं धरू. आता खालचा आलेख. रेंज ८ ते १८ च्या दरम्यान, मर्यादेच्या खूप आत. पिना फाकलेल्या नाहीत, एकत्र सरकल्या आहेत, आणि मोठ्या होण्याच्या दिशेने. बाहेरून टर्निंग करताना इन्सर्टचं टोक झिजलं की ते जॉबपासून मागे हटतं आणि व्यास वाढतो. दिशा जुळते. म्हणून आधी इन्सर्ट काढून भिंगाखाली धार बघायची आणि या धारेवर किती पिना झाल्या तो आकडा चार्टच्या कडेला लिहायचा.

तोवर बनलेल्या मालाचं काय? अडीचला सरासरी ८.४ होती. एकेका पिनेचा सिग्मा ६. वरचा टॉलरन्स २५, म्हणजे सरासरीपासून १६.६ दूर, सुमारे पावणेतीन सिग्मा. तिथे हजारी तीनेक पिना बाहेर जाऊ शकतात. सरासरी २.० असताना हे प्रमाण लाखात सहा-सात होतं. चार्टने रिजेक्शनचा ढीग लागायच्या आधी हाक मारली, पण अगदी आधी नाही. म्हणून शेवटच्या दोन-तीन तासांच्या पिना बाजूला काढून तपासणं योग्य.

धार अजून चालण्यासारखी असेल आणि फक्त ऑफसेट द्यायचा असेल, तर शेवटच्या ठिपक्यावरून देऊ नका. त्या एका ठिपक्यात नेहमीचा फरकही आहे. शेवटच्या तिघांची सरासरी घ्या: ७.०, ६.६ आणि ८.४ मिळून ७.३. मधल्या रेषेवर, म्हणजे २.० वर आणायला ५ मायक्रॉनचा ऑफसेट पुरतो. तो व्यासात घालायचा की त्रिज्येत हे मशीनच्या सेटिंगवर ठरतं. चुकलात तर दुप्पट किंवा अर्धा बदल होईल आणि पुढचाच ठिपका ते सांगेल.

## चार्ट फारच छान दिसत असेल तर?

सलग पंधरा-वीस ठिपके मधल्या रेषेला चिकटलेले, जणू पट्टीने काढलेले. बघणारा खूश होतो. जाणकार माणूस इथेच थबकतो. मशीन स्थिर असलं तरी ठिपक्यांनी पहिल्या पट्ट्याच्या बाहेर जात-येत राहायला हवं. साधारण तीनातला एक ठिपका तसा जायला हवा.

कारण बहुधा सबग्रुपमध्ये सापडतं. समजा दोन स्पिंडलचं मशीन आहे, एक स्पिंडल १० मायक्रॉन मोठं कापतंय, आणि पाच पिना दोन्हींच्या मिसळून घेतल्या जातात. मग प्रत्येक सबग्रुपमध्ये दोन स्पिंडलमधलं अंतर शिरतं, रेंज फुगते, तिच्यातून निघालेल्या मर्यादा रुंद होतात, आणि सरासऱ्या मात्र मधल्या मध्ये लोळतात. दोन स्पिंडलसाठी दोन चार्ट लावले की हे लगेच उघडं पडतं.

दुसरं कारण मोजायच्या साधनात असतं. ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉनच्या टप्प्याने वाचणारा मायक्रोमीटर इथे वापरला, तर रेंजला २९.६ च्या आत फक्त ०, १० आणि २० एवढ्याच जागा उरतात. रेंजचा आलेख तीन पायऱ्यांचा दिसला की साधन जाडं आहे असं समजावं. सिग्मा ६ असताना निदान १ मायक्रॉन वाचणारं साधन हवं.

तिसरं कारण सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही: ठिपके शिफ्टच्या शेवटी एकदम, अंदाजाने मारलेले असतात. आत गेला नाही की ओरडा बसतो हे कळल्यावर माणूस ठिपका आतच मारतो.

## मग मर्यादा आणखी आत आणू, नियम आणखी लावू?

मर्यादा तीन सिग्मावर, म्हणजे इथे सरासरीच्या फैलावाच्या तिप्पट अंतरावर, असते तेव्हा मशीन अगदी ठीक असतानाही सरासरी ३७० ठिपक्यांत एक ठिपका उगीच बाहेर जातो. आठ तासांच्या शिफ्टला १६ ठिपके धरले तर तेवीसेक शिफ्टमधून एक खोटी हाक. तीच मर्यादा दोन सिग्मावर आणली की २२ ठिपक्यांत एक, म्हणजे दीड शिफ्टला एक. आठवड्याभरात ऑपरेटर चार्टकडे बघणं सोडून देतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

नियमांचंही तसंच. तीन सिग्माची मर्यादा, आठ एका बाजूला, पाचांत चार, आणि तिनांत दोन ठिपके दुसऱ्या पट्ट्याच्या पलीकडे असे चारही नियम लावले, तर खोटी हाक सरासरी ९२ ठिपक्यांना एक येते, म्हणजे सहा शिफ्टच्या आत.

पण एकाच नियमावर भागत नाही, हेही तितकंच खरं. सरासरी अचानक ६ मायक्रॉनने सरकली, तर तीन सिग्माची मर्यादा ती सरासरी साडेचार ठिपक्यांत पकडते, सव्वादोन तासांत. पण ती ३ मायक्रॉनच सरकली, तर एकट्या मर्यादेला सरासरी तेहतीस ठिपके लागतात, दोन शिफ्टहून जास्त. लहान सरकणं पकडायला आठाचा नियम हवाच. इन्सर्ट झिजणाऱ्या लेथवर मी मर्यादा आणि आठाचा नियम एवढे दोनच ठेवीन. जिथे एक बाद पीस महाग पडतो तिथे पाचांत चार हा तिसरा जोडीन.

## इन्सर्ट बदलल्यावर

नवीन इन्सर्ट बसवून सेटिंग केलं की चार्टवर उभी रेघ मारायची आणि 'इन्सर्ट बदलला' असं वेळेसह लिहायचं. आठाची मोजणी तिथून नव्याने सुरू होते. मर्यादा मात्र जुन्याच ठेवायच्या. दर महिन्याला नवे आकडे घालून मर्यादा पुन्हा काढायची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तिने झालेली झीज, झालेली सरकण हळूहळू 'नेहमीची' होऊन बसते. मर्यादा पुन्हा काढायच्या त्या मुद्दाम काही बदललं आणि ते टिकलं तरच: वेगळ्या दर्जाचा इन्सर्ट, दुरुस्त केलेला स्पिंडल, नवी पकड.

आणि इन्सर्टवर झालेल्या पिनांचे कडेला लिहिलेले आकडे फेकू नका. आपल्या शिफ्टमध्ये साडेतीन तासांत सरासरी +२.६ पासून +८.४ पर्यंत चढली, दर अर्ध्या तासाला अंदाजे ०.८ मायक्रॉन. पुढच्या चार-पाच इन्सर्टनाही साधारण तितक्याच पिनांनंतर आठ ठिपके वर दिसले, तर इन्सर्ट बदलायचा आकडा तुमच्या हातात आला. त्याच्या थोडं अलीकडे बदल ठरवून टाका. मग आठाची खूण फिरून कधी दिसलीच, तर ती झिजेची नसेल आणि भिंगाऐवजी दुसरीकडे बघावं लागेल.